उजवीकडची जागा

पाचशे व्हिजिटिंग कार्डं वाया घालवायला किती वेळ लागतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. जेवणाची सुट्टी धरून सव्वातीन तास. त्यात छपाई आली, कटिंग आलं, शंभर-शंभरच्या डब्या भरणं आलं, डब्यांना रबर लावणं आलं आणि 'काय झकास काम केलंस रे!' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणंही आलं. पाठ थोपटण्यातच वीसेक मिनिटं गेली असतील. बाकीचं काम मी फार चटपटीतपणे उरकलं होतं.

कार्डं अरबीत होती. मला अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कार्ड दिसायला इतकं देखणं झालं होतं, की त्यात चूक असेल असं एखाद्या वकिलालाही वाटलं नसतं.

ही गोष्ट खरं तर माझ्या चुकीची नाही, माझ्या आत्याची आहे. पण आत्याच्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीनेच व्हायची. ती स्वतः चुका करत नसे. त्यामुळे तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे कुणाला तरी पुढे होऊन गाढवपणा करावाच लागतो. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे होतं.

काकांचा छापखाना होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला सायकलवाला आणि दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, मध्ये आम्ही. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या पिशव्या, शाळांची प्रगतिपुस्तकं, सगळं छापायचो. आत शिरलं की शाईचा आणि कापलेल्या कागदाचा जो वास यायचा, तो मला नंतर कुठल्याच अत्तरात सापडला नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मधे एकदा मुद्दाम आत गेलो, उगाच एक कव्हर घेतलं आणि नाक वर करून उभा राहिलो. दुकानदाराला वाटलं, मला सर्दी झालीय.

आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने एकोणीस वर्षं समुद्रापलीकडे एका जहाज कंपनीच्या ऑफिसात टायपिस्टचं काम केलं. आत्याचे यजमान तिथेच गोदीवर नोकरीला होते. ते गेले, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि आत्या तीन पेट्या घेऊन परत आली. त्यातल्या एका पेटीत साड्या होत्या. उरलेल्या दोन पेट्यांत अरबी शब्दकोश, अरबी अक्षरांचे कीबोर्डवर लावायचे स्टिकर, एक भिंग आणि वर्षानुवर्षं जमवलेली हजारेक व्हिजिटिंग कार्डं. लोक परदेशातून सोनं आणतात. आमच्या आत्याने अनोळखी माणसांचे हुद्दे आणले.

घरी बसून ती आठवड्यात कंटाळली. काकांना म्हणाली, "तुझ्या त्या मागच्या खोलीत एक टेबल टाक. तिकडे माल पाठवणारे व्यापारी आता आपल्याकडे पुष्कळ झालेत. त्यांना अरबी कार्डं लागतात."

काका म्हणाले, "ताई, असं कितीसं काम येणार?"

"येईल तेवढं करीन. नाही आलं तर पत्रिकांवरच्या तुझ्या चुका काढत बसेन."

काकांनी त्याच संध्याकाळी टेबल टाकलं.

काम आलं, आणि चांगलं आलं. लोक तिला 'अरबी आत्या' म्हणू लागले. चष्मेवाला तर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता, तोही "अरबी आत्या आहेत का?" असंच विचारायचा.

तेव्हा मोबाइलवर फोटो काढून पाठवायची नवी नवी हौस होती. लोक कार्ड हातात धरून फोटो काढायचे आणि धाडून द्यायचे. त्या फोटोंत कार्डाइतकीच इतर माहितीही असायची. कुणाच्या मागे जेवणाचं ताट, कुणाच्या मागे झोपलेलं मूल, कुणाच्या नखात रंग. आत्या तो फोटो मोठा करकरून, भिंग लावून वाचायची. मॉनिटरवर भिंग लावून उपयोग नसतो हे मी तिला एकदा सांगितलं होतं. "मला दिसतं ना? मग झालं," असं उत्तर मिळालं.

त्या कार्डांवर लिप्यांचा नुसता गोपाळकाला असायचा. दुकानाचं नाव मराठीत, हुद्दा इंग्रजीत, धंदा अर्धा अर्धा. आत्या आधी कागदावर सगळं सुटं करायची. माणसाचं नाव आणि कंपनीचं नाव उच्चारावरून अरबी अक्षरांत लिहायचं. हुद्दा आणि धंदा मात्र भाषांतर करायचा. ईमेलला हात लावायचा नाही, तो इंग्रजीतच. फोन नंबरासाठी वेगळी चौकट, कारण अरबी ओळ उजवीकडून डावीकडे चालते, पण नंबर तिथेही डावीकडूनच वाचतात. तो तसाच ओळीत सोडला तर अधिकचं चिन्ह शेपटाला जाऊन बसतं आणि आकड्यांचे गट एकमेकांच्या जागा पटकावतात.

"आणि शब्दाला शब्द ठेवायचा नाही," ती मला शिकवायची. "हा मॅनेजिंग डायरेक्टर बघ. पुस्तकात पाहून एकेक शब्द ठेवलास, तर तिकडे त्याचा ऑफिसातल्या फायली सांभाळणारा साहेब होतो. बिचारा कंपनीचा मालक, आणि लोक त्याला विचारणार, रजेचा अर्ज कुठे द्यायचा?"

मी मान डोलवायचो. माझी मान त्या काळी फार छान डोलायची.

तर ते पाचशे कार्डांचं प्रकरण.

दोन भाऊ होते, पाण्याचे पंप बनवणारे. कंपनीला त्यांनी आजीचं नाव दिलेलं. ते मराठीत, आणि त्याखाली इंग्रजीत 'पंप्स अँड स्पेअर्स'. दोघांचं मिळून एकच कार्ड. वेगळी कार्डं काढली तर भाऊ वेगळे झाले असं लोक म्हणतील, हे थोरल्याचं म्हणणं. त्यामुळे थोरल्याचं नाव डावीकडे, धाकट्याचं उजवीकडे, मध्ये एक बारीक रेघ. दोघं तिकडच्या एका प्रदर्शनाला चालले होते. धाकटा चार वेळा जाऊन आलेला. थोरला पहिल्यांदाच निघाला होता, आणि तोही धाकट्याने महिनाभर हातापाया पडल्यावर.

फोटो धाकट्याने पाठवला. डाव्या हातात कार्ड धरून उजव्या हाताने काढलेला. डाव्या हाताचा अंगठा कार्डाच्या डाव्या कोपऱ्यावर. त्या अंगठ्याखाली थोरल्याचा हुद्दा पूर्ण झाकला गेला होता.

आत्याने बाकीचं सगळं टाइप केलं. धाकट्याचा हुद्दा इंग्रजीत होता, मॅनेजिंग डायरेक्टर. तो तिने तिकडे जसा म्हणतात तसा लिहिला. आजीचं नाव उच्चाराप्रमाणे. "आजीच्या नावाचं कुणी भाषांतर करतं का!" पंप आणि सुटे भाग मात्र अरबीत. थोरल्याच्या नावाखाली एका ओळीची मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. माझ्या टेबलावर तिने चिठ्ठी ठेवली : 'अंगठ्याखाली काय आहे ते विचार. मूळ कार्ड मागव. मांडणी मी आल्यावर. छापू नकोस.'

चार वाक्यं. मी त्यातली साडेतीन मोडली. फोन एकदा लावला, तो लागला नाही, म्हणून ते अर्धं पाळलं असं धरतो. मूळ कार्डही मागवायचं राहिलं. मग मला वाटलं, आत्याला एक धक्का द्यावा. आल्यावर काम तयार! पडद्यावर फोटो खाली पसरला, त्यावर आत्याच्या अरबी ओळी बरोबर जागच्या जागी बसवल्या, जणू गिरवून काढल्यासारख्या. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. थोरल्याच्या नावाखालची मोकळी जागा वाईट दिसत होती, ती मिटवून नाव जरा खाली ओढलं. छान समतोल साधला. आणि छापलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली ती डोळ्यांत औषध घालून. तरीही डबी उघडून पहिलं कार्ड पाहायला तिला एक क्षण पुरला.

"हे कुणी केलं?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणालो. ते आठवलं की मला अजून घाम फुटतो.

ती खुर्चीत बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "अरे, तिकडचा माणूस हे कार्ड हातात घेणार, तो कुठून वाचायला लागेल?"

"उजवीकडून."

"उजवीकडे कोण आहे?"

मी कार्डाकडे पाहिलं. उजवीकडे धाकटा होता, खाली भरघोस हुद्द्यासकट. डावीकडे थोरला, नुसतं नाव, खाली काही नाही. मूळ कार्डात जो पहिला होता, तो मी शेवटी नेऊन बसवला होता. वर तो बिनकामाचाही झाला होता.

"लोगोसुद्धा उजवीकडे यायला हवा होता," आत्या म्हणाली. "सगळं कार्डच आरशात पाहिल्यासारखं फिरवायचं असतं. पण लोगोचं जाऊ दे. लोगोला वाईट वाटत नाही."

काका आले, पाहिलं, डोक्याला हात लावला. सकाळचे साडेदहा वाजले होते. भाऊ अकराला कार्डं न्यायला येणार होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं त्यांचं विमान. मशीनवर एका शाळेची प्रगतिपुस्तकं चढवलेली.

"ताई," काका हळूच म्हणाले, "नावं तर बरोबर आहेत ना? नंबर?"

"आहेत."

"मग... म्हणजे मी काय म्हणतो... त्यांच्यापैकी कुणाला अरबी वाचता येत नाही."

"येत नाही."

"आणि तिकडचे लोक काय, कार्ड खिशात टाकतील आणि विसरतील."

आत्याने भिंग खाली ठेवलं. "आमच्या ऑफिसात साहेब आधी कार्ड वाचायचे आणि मग खुर्ची दाखवायचे. एकदा असंच कार्ड आलं होतं. एक म्हातारेसे गृहस्थ आणि त्यांचा पुतण्या. कार्डावर पुतण्या आधी, म्हातारा नंतर. साहेबांनी पुतण्याला समोर बसवलं आणि म्हाताऱ्याला दाराजवळच्या स्टुलावर. दोन तास ते स्टुलावर बसून होते. मालक ते होते रे. भाषा येत नव्हती, बोलणार काय? मी पाहत होते. मला कळलं होतं, पण मी टायपिस्ट. मी गप्प बसले."

काकांनी आत जाऊन प्रगतिपुस्तकांच्या प्लेटा उतरवायला सांगितलं. तेवढा आवाज झाला आणि मला कळलं, आज शाळेतल्या मुलांची एका दिवसाची सुटका झाली.

बरोबर अकराला भाऊ आले. धाकटा इस्त्रीच्या शर्टात, दोन फोन, सेंटचा वास. थोरला त्याच्या मागे, अंगात जाड सुती सदरा, बोटांच्या रेषांत कायमचं बसलेलं काळं ग्रीस. त्याने दारातच चपला काढल्या. आमच्याकडे चपला कुणी काढत नसे, पण त्याला सांगवेना.

"झाली का कार्डं?" धाकटा म्हणाला.

"झाली, आणि चुकली," आत्या म्हणाली.

मी जमिनीत जागा शोधत होतो. तिने दोघांना बसवलं, एक कार्ड समोर ठेवलं आणि थोरल्याकडे पाहून सगळं सांगितलं. कुठून वाचतात, कोण आधी येतो, कुणाच्या नावाखाली काय आहे आणि कुणाच्या नाही. माझं नाव घेतलं नाही. "आमच्याकडून झालं," एवढंच म्हणाली. ते 'आमच्याकडून' माझ्या मानेवर येऊन बसलं.

धाकटा हसला. "अहो आत्या, एवढंच ना? चालतंय हो. आम्ही दोघं काय एकमेकांचे परके आहोत? तिथे बोलणं सगळं मलाच करायचंय."

"आणि थोरल्यांचा हुद्दा काय?"

"म्हणजे? फोटोत आहे की!"

आत्याने पडद्यावर फोटो उघडला. धाकट्याने पाहिलं. अंगठा केवढा मोठा दिसत होता! त्याने नकळत आपलाच अंगठा मुठीत लपवला.

"दादा, आईशप्पथ, माझं लक्षच नव्हतं रे."

थोरला खिशात हात घालत होता. त्याने मूळ कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडेने मऊ झालेलं, घडी पडलेलं. त्याच्या नावाखाली मराठीत होतं : मुख्य कारागीर.

"हे बदलू या आता," धाकटा घाईघाईने म्हणाला. "आत्या, दादाचं चेअरमन लिहा. नाहीतर फाउंडर. कंपनी त्यानेच काढली. मी तेव्हा शाळेत होतो. कारागीर लिहिलं तर तिथे लोक म्हणतील, सामान उचलायला माणूस आणलाय."

आत्या थोरल्याकडे पाहत राहिली. "कार्डावर आहे ते मी लिहिते. नाही ते माझ्या मनाने लिहीत नाही. तुम्हाला बदलायचं असेल तर तुम्ही सांगा. पण मग आधी तुमच्या मराठी कार्डावरही ते बदला. इकडे एक आणि तिकडे एक, असं करू नका."

थोरल्याने आपली बोटं पाहिली. मग म्हणाला, "पहिला पंप मी घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बनवला. तीन महिने लागले. चालला नाही. दुसरा चालला." मग भावाकडे वळला. "चेअरमन काय बनवतो?"

काकांनी छताकडे पाहिलं. चेअरमन काय बनवतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"कारागीरच ठेवा," थोरला म्हणाला. "मात्र..." आणि तो थोडा लाजला. केस पांढरे झालेला माणूस लाजला की पाहवत नाही. "मात्र ते तुम्ही म्हणालात तसं, नाव जरा... जिथे आधी असतं तिथे असू द्या."

"तिथेच असणार," आत्या म्हणाली.

ते दोन तास मला जसेच्या तसे आठवतात. आत्याने मला शेजारी स्टूल घ्यायला लावलं आणि कार्ड माझ्याकडूनच फिरवून घेतलं. लोगो उजवीकडच्या कोपऱ्यात. आजीचं नाव त्याला लागून, मोठ्या अक्षरांत. उजव्या हाताला थोरला, त्याच्या खाली 'कारागिरांमधला मोठा' अशा अर्थाचे दोन अरबी शब्द. तिकडे तो मानाचा हुद्दा आहे, हमालाचा नाही, हे तिने धाकट्याला दोनदा समजावलं. मध्ये बारीक रेघ. डावीकडे धाकटा. तळाला नंबर आपल्या वेगळ्या चौकटीत, अधिकचं चिन्ह डाव्या टोकाला. ईमेल इंग्रजीत, जसा होता तसा.

"आता तो नंबर मोठ्याने वाच," ती म्हणाली.

मी वाचला.

"थोरल्यांच्या कार्डावरून पडताळ. फोटोवरून नाही."

मी त्या मऊ झालेल्या कार्डावरून एकेक आकडा पडताळला. त्याला ग्रीसचा वास येत होता.

पहिला नमुना कागद निघाला तेव्हा थोरला उठून टेबलाजवळ आला. त्याला अरबी येत नव्हतं, तरी तो बराच वेळ वाचत असल्यासारखा पाहत राहिला. मग उजवीकडच्या नावावर, न टेकवता, बोट धरून म्हणाला, "हा मी?"

"हे तुम्ही," आत्या म्हणाली.

धाकटा फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने भावाच्या बोटाकडे पाहिलं आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "थांब, नंतर करतो."

दुपारी दोनला नवी कार्डं डब्यांत भरून तयार झाली. डब्यांना रबर मीच लावलं, पण या वेळी पाठ थोपटली नाही. थोरल्याने चपला घातल्या, आत्याला वाकून नमस्कार केला, ती "अहो, अहो" करेपर्यंत सरळही झाला, आणि दोघं गेले. माझी जुनी पाचशे कार्डं काकांनी ठेवून घेतली. मागची बाजू कोरी होती, वर्षभर निरोप लिहायला पुरली.

प्रगतिपुस्तकं परत मशीनवर चढली. आत्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. आता ती जाऊन सहा वर्षं झाली, पण ती डोळ्यांसमोर आली की अशीच येते. मागच्या खोलीतल्या त्या खुर्चीत, मान मागे, पदराच्या टोकाने गालावर ओघळलेलं औषध टिपत. मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो. चूक माझी, धावपळ सगळ्यांची, आणि बोलणी कुणीच खाल्ली नव्हती. ते मला सहन होत नव्हतं. तेव्हा मी लहान होतो अशातला भाग नाही, चांगला मिशा फुटलेला होतो. पण प्रश्न विचारला तो बिनमिशांचाच.

"आत्या, खरं सांग. तू गप्प बसली असतीस, तर थोरल्यांना जन्मात तरी कळलं असतं का? या अख्ख्या गल्लीत अरबी येतं कुणाला?"

तिने डोळे उघडले नाहीत.

"मला येतं," ती म्हणाली.